टक्का कशावर? हॉटेलच्या बिलाची उलटतपासणी

मेन्यूकार्ड पाहून मनातल्या मनात केलेली बेरीज आणि बडीशेपेच्या वाटीसोबत येणारे बिल यांचा मेळ सहसा बसत नाही. फरक दिसला की टेबलावरचे कोणीतरी ‘जीएसटी असेल’ म्हणते आणि विषय संपतो. पण त्या फरकातला काही भागच कर असतो. उरलेला हॉटेलमालकाने स्वतः लावलेला आकार असतो, आणि कधीकधी त्या आकारावरही कर लागलेला असतो. हे सगळे बिलावर छापलेले असते. वाचताना आपली नजर मात्र ‘पाच टक्के’, ‘दहा टक्के’ या आकड्यांवरच थांबते. हे टक्के कोणत्या रकमेवर काढले, हे आपण पाहत नाही, आणि बिलाचा सगळा हिशेब तर त्यावरच उभा असतो.

पुण्यातल्या एखाद्या मध्यम हॉटेलात चौघांनी जेवण केले, असे समजू. आकडे सोयीचे घेतले आहेत, पण बिलाची मांडणी नेहमीचीच आहे.

पनीर टिक्का १: ३२०.००
व्हेज कोल्हापुरी १: २८०.००
दाल तडका १: २२०.००
बटर रोटी ८ × ४०: ३२०.००
जिरा राइस १: १९०.००
सोलकढी ४ × ६०: २४०.००
पाण्याची बाटली २ × ४०: ८०.००
एकूण: १,६५०.००
सवलत १० टक्के: − १६५.००
सर्व्हिस चार्ज १० टक्के: १४८.५०
करपात्र रक्कम: १,६३३.५०
सीजीएसटी २.५ टक्के: ४०.८४
एसजीएसटी २.५ टक्के: ४०.८४
राउंड ऑफ: − ०.१८
देय रक्कम: १,७१५.००

सवलत वजा जाता १,४८५ रुपये होतील, एवढे टेबलावरच्या सगळ्यांनी धरलेले होते. द्यावे लागले १,७१५. वरचे २३० रुपये कुठून आले, ते एकेक ओळ घेऊन पाहू.

सवलत आधी, कर नंतर

पहिली टक्केवारी सवलतीची आहे, आणि तिची जागा महत्त्वाची आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १५ नुसार विक्रीच्या वेळीच दिलेली आणि बिलावर दाखवलेली सवलत किमतीतून वजा होते. कर उरलेल्या रकमेवर लागतो. म्हणजे १,६५० वर कर काढून मग त्यातून १६५ रुपये वजा करणे नियमाला धरून नाही. आपल्या बिलात सवलत कराच्या ओळींच्या वर आहे, तिथपर्यंत हिशेब बरोबर आहे.

सवलत हॉटेलने दिलेली नसेल, तर मात्र गोष्ट वेगळी. बिल १,७१५ चे झाले, पैसे बँकेच्या कार्डाने दिले आणि बँकेने दीडशे रुपये कॅशबॅक दिला, तर कराचा एक पैसाही कमी होत नाही. हॉटेलला त्याची पूर्ण किंमत मिळालेली असते. दीडशे रुपयांचा भार बँकेने उचललेला असतो. त्यामुळे ‘दहा टक्के सूट’ अशी पाटी दिसली, तर ती सूट बिलातून कापली जाणार की पैसे देताना मिळणार, हे विचारून घ्यावे. पहिल्या प्रकारात सुटीबरोबर करही घटतो, दुसऱ्यात तो पूर्ण रकमेवरच राहतो.

जी ओळ कर नाही

सर्व्हिस चार्ज ही बिलातली सर्वांत फसवी ओळ आहे. टक्क्यांत लिहिलेली आणि कराच्या ओळींना खेटून असल्यामुळे ती सरकारी वाटते. प्रत्यक्षात हे १४८ रुपये ५० पैसे सरकारकडे जात नाहीत. ती हॉटेलने लावलेली रक्कम आहे. तिचा दरही हॉटेलच ठरवते. कुठे पाच टक्के असतो, कुठे दहा.

शिवाय तिने कराचा पाया वाढवला आहे. ‘करपात्र रक्कम’ या ओळीत १,४८५ नाही, १,६३३.५० आहे. म्हणजे आपण जेवणावर पाच टक्के कर दिला आणि सर्व्हिस चार्जवरही पाच टक्के, साधारण साडेसात रुपये, कर दिला. सर्व्हिस चार्ज काढून टाकला तर हिशेब असा होतो: १,४८५ वर पाच टक्के म्हणजे ७४.२५, एकूण १,५५९.२५, राउंड ऑफनंतर १,५५९. आधीच्या बिलापेक्षा १५६ रुपये कमी. दहा टक्क्यांचा सर्व्हिस चार्ज ग्राहकाच्या खिशातून साडेदहा टक्के काढतो, तो असा.

काही हॉटेलांच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हिस चार्ज सवलतीच्या आधीच्या रकमेवर निघतो. आपल्या उदाहरणात तसे असते, तर तो १,६५० वर १६५ रुपये झाला असता आणि अंतिम रक्कम सुमारे १७ रुपयांनी वाढली असती. दर तोच, पाया वेगळा.

हा चार्ज देणे बंधनकारक आहे का? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालू नये, दुसऱ्या कुठल्या नावाने तो वसूल करू नये, आणि तो बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटीही लावू नये. हॉटेलचालकांच्या संघटना या सूचनांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. मार्च २०२५ मध्ये एकल न्यायमूर्तींच्या पीठाने सूचना कायम ठेवल्या आणि सर्व्हिस चार्ज सक्तीचा असू शकत नाही असे सांगितले. संघटनांनी त्यावर अपील केले. ग्राहकापुरता अर्थ सरळ आहे. ही ओळ काढायला सांगता येते, आणि काढली की तिच्यावरचा करही निघतो. वेटरच्या हातावर स्वखुशीने ठेवलेली टिप ही निराळी बाब. ती बिलात येत नाही आणि तिच्यावर जीएसटीही लागत नाही.

दोन ओळी, कर एकच

आता खऱ्या कराकडे. सीजीएसटी आणि एसजीएसटी हे दोन कर एकावर एक चढवलेले आहेत, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. दर पाच टक्केच आहे. त्यातला अर्धा केंद्राचा आणि अर्धा राज्याचा, म्हणून त्याच रकमेवर अडीच टक्के दोनदा लिहिलेले असतात. एका ओळीतला कर दुसऱ्या ओळीचा पाया होत नाही.

परराज्यातल्या खरेदीवर दिसणारा आयजीएसटी हॉटेलात बसून जेवल्याच्या बिलावर दिसणार नाही. हॉटेलच्या सेवेच्या बाबतीत पुरवठ्याचे ठिकाण म्हणजे जिथे ती सेवा प्रत्यक्ष दिली गेली ते ठिकाण, असा नियम आहे. बेळगावचा माणूस पुण्यात जेवला तर राज्याचा वाटा महाराष्ट्राला जातो. पुण्याचा माणूस पणजीत जेवला तर तो गोव्याला जातो.

हा दर एवढा कमी का, यामागे थोडा इतिहास आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी सुरू झाला, तेव्हा बिनवातानुकूलित हॉटेलांना १२ टक्के आणि वातानुकूलित हॉटेलांना १८ टक्के दर होता. त्या बदल्यात हॉटेलने आपल्या खरेदीवर भरलेला कर त्याला वजा करून मिळत असे. तरी मेन्यूचे दर उतरले नाहीत आणि ओरड सुरू झाली. मग १५ नोव्हेंबर २०१७ पासून दर पाच टक्क्यांवर आणला गेला, पण खरेदीवरच्या कराची वजावट काढून घेतली. आज हॉटेलमालक जागेच्या भाड्यावर, व्यापारी गॅस सिलिंडरवर, फ्रीज-मिक्सरवर जो जीएसटी भरतो, तो त्याला परत मिळत नाही. तो खर्चात धरला जातो आणि पदार्थाच्या किमतीत मिसळतो. त्यामुळे बिलावरचे पाच टक्के हा जेवणावरचा दिसणारा कर आहे. न दिसणारा कर ३२० रुपयांच्या पनीर टिक्क्यात आधीच शिजलेला असतो.

पाण्याच्या बाटलीचे कोडे

वरच्या बिलात वादाला तोंड फुटायचे, तर ते पाण्याच्या बाटलीवरून फुटेल. बाटलीवर एमआरपी २० रुपये छापलेली, बिलात ४० रुपये लावलेले, आणि त्यावर पुन्हा जीएसटी! एमआरपी म्हणजे सर्व करांसह कमाल किंमत, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत आणि ते बरोबरही आहे. वैधमापनशास्त्राच्या नियमांनुसार वेष्टनबंद वस्तूवर छापलेल्या किमतीत सगळे कर धरलेले असतात. किराणा दुकानदाराने त्या किमतीवर कर मागितला, तर ती सरळ फसवणूक आहे.

हॉटेलच्या टेबलावर आलेली बाटली मात्र वेगळ्या चौकटीत बसते. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल आणि रेस्टॉरंट संघटनांच्या प्रकरणात निर्णय दिला. हॉटेलात येणारा माणूस नुसती बाटली विकत घ्यायला येत नाही. त्याला बसायला जागा, वाढप, भांडी, वातावरण अशी एकत्रित सेवा मिळते, म्हणून तिथे एमआरपीपेक्षा जास्त दर लावता येतो, असा त्याचा आशय आहे. एकदा ती बाटली सेवेचा भाग मानली, की तिच्यावर हॉटेल-सेवेचा कर लागतो.

शीतपेयाच्या बाटलीत हे अधिक ठळक दिसते. गॅस भरलेल्या गोड पेयांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. दुकानात ती बाटली घेतली, तर हा कर एमआरपीच्या पोटात असतो. तीच बाटली हॉटेलात जेवणासोबत आली, तर बिलावर तिला पाच टक्केच लागतात. पण हॉटेलने ती विकत घेताना भरलेले चाळीस टक्के त्याला वजा मिळालेले नसतात. ते मेन्यूतल्या दरात येतात आणि त्या दरावर आणखी पाच टक्के चढतात.

मेन्यूवरचा दर कराविना छापता येतो, याचेही कारण हेच. पानात वाढलेली भाजी ही वेष्टनबंद वस्तू नाही, त्यामुळे एमआरपीचा नियम तिला लागू होत नाही. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘कर वेगळे’ असे लिहिले की हॉटेलचे काम भागते. आपण ती ओळ वाचत नाही, तिथूनच हिशेब चुकायला सुरुवात होते.

पाचाऐवजी अठरा

चौघांनी हेच जेवण एखाद्या मोठ्या तारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये केले असते, तर कर पाचऐवजी १८ टक्के लागला असता. १,४८५ रुपयांवर ७४.२५ च्या जागी २६७.३०. पदार्थ तेच, मेन्यूचे दर तेच धरले, तरी १९३ रुपयांचा फरक. त्याचे कारण स्वयंपाकघरात नसून वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत आहे. ज्या हॉटेलने मागच्या आर्थिक वर्षात एखाद्या खोलीसाठी दिवसाला साडेसात हजार रुपयांपेक्षा जास्त भाडे आकारले असेल, त्याच्या आवारातल्या रेस्टॉरंटला १८ टक्क्यांचा दर लागतो. १ एप्रिल २०२५ पासून छापील भाड्याऐवजी प्रत्यक्ष आकारलेले भाडे पाहिले जाते, आणि एखादे हॉटेल स्वतःहून तसे घोषित करूनही या गटात येऊ शकते. अशा ठिकाणी खरेदीवरच्या कराची वजावट मिळते, म्हणून दर चढा ठेवला आहे. बाहेरून आलेल्या ग्राहकाला खोलीचे भाडे माहीत असण्याचे कारण नाही. मागवण्याआधी कराचा दर विचारणे एवढेच त्याच्या हाती असते.

बिलात मद्य असेल, तर आणखी एक चौकट येते. पिण्याचे मद्य जीएसटीच्या बाहेर आहे आणि त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. म्हणून परमिट रूमच्या बिलात जेवणाची बेरीज आणि मद्याची बेरीज वेगवेगळी असायला हवी, आणि जीएसटी फक्त जेवणाच्या बेरजेवर. दोन्ही एकत्र करून सरसकट जीएसटी लावला असेल, तर सहाशे रुपयांच्या बिअरवर तीस रुपये जादा गेले असे समजावे.

जिथे कर घ्यायचा हक्कच नाही

दर आणि पाया तपासण्याआधी खरे तर एक प्रश्न विचारायला हवा. या हॉटेलला ग्राहकाकडून जीएसटी घेता येतो का?

वर्षाला दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या हॉटेलला कंपोझिशन योजना निवडता येते. गल्लीतली खानावळ, मिसळीचे दुकान, छोटी थाळीगृहे यांत अशी बरीच सापडतात. या योजनेत मालक आपल्या उलाढालीवर पाच टक्के कर भरतो, पण स्वतःच्या खिशातून. ग्राहकाकडून तो वेगळा वसूल करायला त्याला मनाई आहे. त्याने कर-बिल द्यायचे नसते, ‘बिल ऑफ सप्लाय’ द्यायचे असते. त्यावर आपण कंपोझिशनचे करदाते आहोत आणि कर वसूल करू शकत नाही, असे छापायचे असते. दर्शनी भागात तशी पाटीही लावायची असते. अशा ठिकाणी मेन्यूवरचा आकडा हाच शेवटचा आकडा. बिलावर ‘कंपोझिशन’ हा शब्द आहे आणि खाली सीजीएसटी-एसजीएसटीच्या ओळीही आहेत, असे दिसले तर ते पैसे बेकायदा घेतले जात आहेत. सेवेची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या, जीएसटीत नोंदणीच नसलेल्या हॉटेलालाही कर घेता येत नाही.

ओळखायचे कसे? कर लावणाऱ्या प्रत्येक बिलावर जीएसटी क्रमांक, म्हणजे जीएसटीआयएन, असलाच पाहिजे. तो पंधरा अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. पुढची दहा स्थाने मालकाच्या पॅन क्रमांकाची. शेवटच्या तीन स्थानांत त्याच पॅनवरची कितवी नोंदणी ते सांगणारा अंक, सहसा इंग्रजी झेड आणि एक पडताळणी-चिन्ह असते. gst.gov.in या संकेतस्थळावर Search Taxpayer या विभागात हा क्रमांक टाकला, की नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, आणि करदाता नियमित आहे की कंपोझिशनमधला, हे लगेच दिसते. त्यासाठी खाते उघडावे लागत नाही. कराच्या ओळी आहेत पण क्रमांक नाही, किंवा क्रमांक रद्द झालेला आहे, असे असेल तर तो पैसा सरकारपर्यंत जातो आहे असे धरता येत नाही.

करासह किंमत आणि उलटा हिशेब

याच्या नेमके उलट दिसणारे बिल सुपरमार्केटमध्ये मिळते. तिथे कराच्या ओळी असतात, तरी एकूण रक्कम वस्तूंवर छापलेल्या किमतींपेक्षा वाढत नाही. आधीच किमतीत असलेला कर वेगळा काढून दाखवलेला असतो, एवढेच. काही हॉटेलेही हल्ली ‘थाळी २५० रुपये, करासह’ असा दर लावतात.

यात कर किती, हे काढताना बहुतेकांचा एक घोटाळा होतो. २५० चे पाच टक्के म्हणजे साडेबारा रुपये, असे ते म्हणतात. पण २५० ही कर मिळवल्यानंतरची रक्कम आहे आणि कर लागला होता त्याआधीच्या रकमेवर. म्हणून २५० ला ५ ने गुणून १०५ ने भागायचे. कर निघतो ११ रुपये ९० पैसे आणि थाळीची मूळ किंमत २३८ रुपये १० पैसे. दर जसा वाढतो तशी ही चूक मोठी होते. १८ टक्के करासह १,१८० रुपयांच्या वस्तूत कर १८० रुपये असतो. १,१८० चे थेट १८ टक्के काढले तर २१२.४० येतात, ते चूक. दुकानाच्या बिलात दिसणारे वेडेवाकडे पैसे या उलट्या भागाकारातून आलेले असतात.

राउंड ऑफची ओळही याच पैशांसाठी. आपल्या बिलात प्रत्येक अडीच टक्क्यांचे ४०.८३७५ आले, ते ४०.८४ झाले आणि शेवटची १८ पैशांची शेपटी कापली गेली. जवळच्या रुपयापर्यंत नेताना फरक वर किंवा खाली पन्नास पैशांपलीकडे जात नाही. त्याहून मोठा आकडा ‘राउंड ऑफ’ म्हणून दिसला, तर तो राउंड ऑफ नाही.

घरपोच मागवलेले जेवण

मोबाइलवरून मागवलेल्या जेवणाचे बिल वाचायला अधिक अवघड, कारण तिथे दोन विक्रेत्यांच्या रकमा एका कागदावर येतात. १ जानेवारी २०२२ पासून अशा ऑर्डरमधल्या जेवणावरचा जीएसटी हॉटेलऐवजी ॲपचालक कंपनी सरकारकडे भरते. पण ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की जेवणाचा दर एक आणि ॲपच्या शुल्कांचा दर दुसरा.

समजा जेवण ४०० रुपयांचे, हॉटेलचा पॅकिंगचा आकार २० रुपये, डिलिव्हरी ४० रुपये आणि प्लॅटफॉर्म फी १० रुपये. पॅकिंग जेवणाच्याच पुरवठ्याचा भाग, म्हणून ४२० वर पाच टक्के, म्हणजे २१ रुपये. डिलिव्हरी आणि प्लॅटफॉर्म फी मिळून ५० रुपयांवर १८ टक्के, म्हणजे ९ रुपये. बेरीज बरोबर ५००. ॲपच्या पडद्यावर मात्र बहुधा कराची एकच ओळ दिसते, ३० रुपये. ग्राहक ते ४०० शी ताडून पाहतो आणि साडेसात टक्के कर लावला म्हणून चिडतो. साडेसात टक्के असा दर कुठेच नाही. दोन पायांवरचे दोन दर एका ओळीत मिसळले की असा आकडा तयार होतो. त्या ओळीवर बोट दाबले की सहसा तपशील उघडतो.

वीसने गुणा

हे सगळे नियम जेवणाच्या टेबलावर आठवत बसायची गरज नाही. पाच टक्क्यांच्या बिलासाठी एक साधी तपासणी पुरते. सीजीएसटी आणि एसजीएसटीची बेरीज करा आणि तिला वीसने गुणा. येणारी रक्कम म्हणजे ज्यावर कर लावला तो पाया.

आपल्या बिलात दोन्ही मिळून ८१.६८ रुपये. गुणिले वीस म्हणजे १,६३३.६०, म्हणजे दहा पैशांच्या फरकाने छापलेली करपात्र रक्कम. हा आकडा जेवणाच्या सवलतीनंतरच्या १,४८५ शी ताडला, की मधले दीडशे रुपये लगेच उघडे पडतात. ते सर्व्हिस चार्जचे आहेत, हे मग वरच्या ओळीत सापडते. गुणाकार १,६५० च्या आसपास आला असता, तर एक शक्यता अशी की सवलत न कापता कर लावला, दुसरी अशी की सर्व्हिस चार्ज सवलतीआधीच्या रकमेवर काढला. मद्याच्या बिलात गुणाकार जेवणाच्या बेरजेपेक्षा मोठा आला, तर बिअर जीएसटीत गेली का, हे पाहायचे. ॲपच्या ३० रुपयांना वीसने गुणले तर ६०० येतात, म्हणजे पूर्ण बिलापेक्षाही जास्त. तेव्हा तिथे पाचाखेरीज दुसरा दरही आहे हे नक्की.

फरक सापडला, तर पैसे देण्याआधीच बोलावे, कारण त्या वेळी बिल रद्द करून नवे काढणे काउंटरवर दोन मिनिटांचे काम असते. ‘जीएसटी जास्त लावला’ अशी मोघम तक्रार केली, की ‘सिस्टीममधूनच येतो’ असे उत्तर मिळते. ‘कर १,४८५ वर हवा, तो १,६३३ वर लावला आहे, सर्व्हिस चार्ज काढा’ असे सांगितले, की मालकाला नेमकी कोणती ओळ बदलायची ते कळते. तो ऐकत नसेल, तर बिलाचा फोटो काढून ठेवावा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तिथेही बिल क्रमांक, जीएसटी क्रमांक आणि वादातली ओळ हीच माहिती लागते.